उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवा

पार्ल्यातल्या घरात ‘टेस्ट’ हा शब्द जरा जपून वापरावा. ऐकणारा लगेच क्लास शोधायला लागतो.

गंधालीला हे ठाऊक असायला हवं होतं. पण ती मूळची मुलुंडची, आणि पार्ल्यात सून म्हणून येऊन तिला तीनच वर्षं झाली होती. रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिने सासूबाईंना अगदी सहज विचारलं, “आई, शुक्रवारी माझ्या ऑफिसात याल का? एक टेस्ट आहे. दहा मिनिटांची.”

प्रेमाबाईंनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांचा चमचा हवेत थांबला. “कसली टेस्ट?”

“आमच्या गेमची हो.”

गंधालीची कंपनी अंधेरीला, चकाल्यात. कंपनी म्हणजे पाच माणसं, नऊ मॉनिटर आणि एक एसी, तोही मालक मुकुलच्या डोक्यावर गळणारा. या पाच जणांनी तीन वर्षं खपून एक गेम तयार केला होता. तुम्ही एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्यात अडकलेले असता आणि एकेक खोली पार करत बाहेर पडायचं असतं. कोणाला मारायचं नाही, कोणी तुम्हाला मारत नाही. पडद्यावर तुम्ही स्वतः कुठेच दिसत नाही. तिथे उभे असता तर तुमच्या डोळ्यांना जे दिसलं असतं, तेवढंच दिसतं. हातात कंट्रोलर असतो. त्याच्यावर दोन स्टिक, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दोन बुटक्या दांड्या. डावीने चालायचं, उजवीने बघायचं. ऐकायला सोपं आहे. सायकलसुद्धा ऐकायला सोपीच असते.

“ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही त्यालाही खेळता आलं पाहिजे, ही सिंगापूरच्या लोकांची अट आहे. गेम तेच बाजारात आणणार आहेत,” गंधाली म्हणाली. “म्हणून पहिली खोली शिकवणीची. ती मी केलीय. पाच नवखी माणसं बसवायची आणि त्यातली चार दहा मिनिटांत खोलीच्या बाहेर आली पाहिजेत. चार जण झाले. तिघे बाहेर आले, एक डेंटिस्टबाई आतच राहिल्या. पाचव्या तुम्ही. तुम्ही बाहेर आलात तर खोली माझी. नाहीतर माझ्याकडून काढून घेऊन पुण्याच्या एका टीमला देणार.”

मधुकररावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेपर खाली घेतला. “पुण्याच्या?”

“हो ना.”

“अरे वा रे वा,” असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. पण तो उलटा घेतला होता.

“आणि आई, एक लक्षात ठेवा,” गंधाली म्हणाली. “तुम्हाला यातलं काहीही येत नाही, हेच मला हवंय. काही बघू नका, कोणाला विचारू नका. टेस्ट तुमची नाहीये, खोलीची आहे.”

प्रेमाबाईंनी मान डोलावली. एवढ्या सगळ्यातून त्यांनी ‘टेस्ट’ आणि ‘तुम्ही’ हे दोन शब्द तेवढे घेतले होते. घराण्यात आजवर कोणी नापास झालेलं नव्हतं. आणि आता सुनेची खोली पुण्याला जाणार, तीही आपल्या अंगठ्यांमुळे. सोमवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या घराबाहेर पडल्या आणि भाजीबाजार मागे टाकून सरळ रिक्षात बसल्या.

रिक्षा थांबली ती सहारच्या गावठाणात, कॉस्मस सरांच्या दारात.

कॉस्मस सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिटी गेली नव्हती. त्यांचा मुलगा रसेल बोटीवर नोकरीला लागला तेव्हा आपला गेमचा कन्सोल घरी ठेवून गेला, आणि तेव्हापासून सर रोज सकाळी दोन तास परक्या देशातल्या गल्ल्याबोळांतून लोकांच्या मागे धावत असत. शाळेच्या गेट-टुगेदरला त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावेळी प्रेमाबाई त्यांना हसल्या होत्या.

“सर, क्लास घ्याल का? चार दिवस आहेत हातात. पोर्शन किती आहे ते माहीत नाही.”

कॉस्मस सरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “हसला होता तुम्ही, बाई.”

“हसले होते. आता शिकवा.”

अंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळत घालणाऱ्या त्यांच्या बायकोने, बर्थाने, आतल्या बाजूला तोंड करून ओरडून सांगितलं, “शिकव रे त्यांना! निदान दोन तास तू कोणाला गोळ्या तरी घालणार नाहीस.”

पहिल्या दिवशी सरांनी प्रेमाबाईंना डावा अंगठा मुठीत मिटायला लावला. “पाय नकोत आज. आज फक्त मान. उजवी स्टिक म्हणजे तुमची मान. समजलं? डावीकडे बघा.”

प्रेमाबाईंनी स्टिक डावीकडे गच्च दाबली. पडद्यावरची अख्खी गल्ली गरकन फिरली, दुकानं गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली.

“अहो सर, मला उलटी होईल!”

सरांनी शिटी वाजवली. “ढकलू नका. कलवा! वर्गात मागच्या बाकावर कोण बोलतंय ते बघायला तुम्ही काय गिरकी घ्यायचात?”

“नाही. हळूच बघायचे. पोरांना कळायचंही नाही.”

“तसंच. जितकी कमी कलवाल तितकी मान सावकाश वळते.” मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन मानेचा वेग आठवरून तीनवर आणला आणि वर म्हणाले, “हे नापासांसाठी नसतं. मी पण चारवर खेळतो.”

प्रेमाबाईंनी हळूच वर बघितलं. आभाळ दिसलं. स्टिक सोडली. आभाळच दिसत राहिलं.

“सर, मी सोडलंय. तरी ही आभाळातच बघतेय.”

“बघणारच. इथेच सगळे फसतात. डावी स्टिक सोडली की पाय थांबतात. उजवी सोडली की मान वळायची थांबते, पण जिथे असेल तिथेच राहते. स्वतःहून खाली येत नाही. तुम्ही आणायची. रस्ता पडद्याच्या मधोमध दिसला की समजा मान सरळ झाली.”

त्या दिवशी तासभर प्रेमाबाईंनी एका जागी उभं राहून फक्त मान सरळ केली. घरी जाताना मेथीची एक जुडी घेतली, म्हणजे कोणाला संशय यायला नको.

दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा मुठीत गेला आणि पाय सुरू झाले. पुढे ढकललं की पुढे, मागे ओढलं की मागे. मागे जाताना तोंड मात्र पुढेच. डावीकडे कलवलं तर बाई वळल्या नाहीत, तोंड समोरच ठेवून आडव्या सरकल्या.

“खेकडा,” प्रेमाबाई म्हणाल्या.

“खेकडा!” सर खूश झाले. “आता कळलं? डावी स्टिक वळत नाही. पाय वळतच नाहीत या जगात. वळते ती मान.”

“मग मान वळवून पुढे चाललं तर?”

हा प्रश्न तिसऱ्या दिवशीचा होता, पण प्रेमाबाई नेहमी पुढचा धडा वाचून येणाऱ्यांतल्या. सरांचा चेहरा परेडच्या आठवणीने उजळला. “पंधरा ऑगस्टला आपण पोरांना काय करायला लावायचो? ‘दहिने देख!’ पाय सरळ, नजर उजवीकडे, पाहुण्यांकडे. करा बघू.”

प्रेमाबाईंनी डाव्या अंगठ्याने चालायला सुरुवात केली आणि उजव्याने मान उजवीकडे वळवली. त्या सरळ पाहुण्यांच्या दिशेने चालत गेल्या आणि एका टपरीवर आदळल्या.

“हे काय?”

सर समाधानाने मागे टेकले. “माझा पण हाच घोटाळा झाला होता. महिनाभर आदळत होतो. बाई, या जगात परेड होत नाही. इथे ‘पुढे’ म्हणजे नाकासमोर. नाक वळलं की ‘पुढे’ पण वळलं. म्हणून रस्ता वळला की आधी नाक वळवायचं. पाय आपोआप मागे येतात.”

तिसऱ्या दिवशी प्रेमाबाई टपरीला न आदळता गल्लीच्या टोकाला पोहोचल्या. मेथीची तिसरी जुडी. मधुकररावांनी जेवताना विचारलं, “अगं, आपल्याकडे कोणाला ॲनिमिया झालाय का?”

चौथ्या दिवशी पडद्यावरच्या चौकात एक कारंजं आलं. सर म्हणाले, “नजर कारंज्यावरून हटवायची नाही. आणि त्याच्याभोवती फिरायचं. हे मला तोंडाने सांगता येत नाही, मला नुसतं येतं.”

प्रेमाबाईंनी प्रयत्न केला. खेकड्यासारख्या उजवीकडे सरकल्या, तर कारंजं डावीकडे पळालं. त्याला पकडायला मान डावीकडे नेली, तोवर पाय थांबले. पाय हलवले, तर मान थांबली. असं दहा वेळा झालं. अकराव्या वेळी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, उठल्या, बर्थाला अंगणातून हाताला धरून आत आणलं आणि सरांच्या टीव्हीसमोर तिच्याबरोबर फुगडी घालायला लागल्या.

“बाई, माझा गुडघा!” बर्था ओरडली.

“हळू घालते गं. माझ्या तोंडाकडे बघ. बघतेस ना? पाय कुठे चाललेत?”

“बाजूला!”

“पाय बाजूला, तोंड समोरच्याकडे. सर, हे कारंजं नाहीच, ही माझी जोडीदारीण आहे.”

त्या पुन्हा बसल्या. डावा अंगठा उजवीकडे, उजवा अंगठा डावीकडे, दोन्ही अंगठे एकमेकांकडे झुकलेले आणि दोन्ही बेताचे. कारंजं पडद्याच्या मधोमध राहिलं आणि मागचा चौक त्याच्याभोवती गोल फिरायला लागला. मग अंगठे एकमेकांपासून दूर नेले, आणि फुगडी उलटी फिरली.

 कॉस्मस सरांनी गळ्यातली शिटी काढून खिशात ठेवली.

शुक्रवारी दुपारी प्रेमाबाई चकाल्याला पोहोचल्या. सोबत मधुकरराव होते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. बायको कुठेही निघाली की ते बरोबर जात, आणि तिथे जाऊन पेपर वाचत. त्यांना कोपऱ्यातली, टीव्हीकडे पाठ असलेली खुर्ची मिळाली.

मुकुलने नियम सांगितले. “काकू, दहा मिनिटं. आम्ही कोणी बोलणार नाही, हसणार नाही, खुणा करणार नाही. पडद्यावर सूचना येईल तसं करायचं.”

“निगेटिव्ह मार्किंग आहे का?”

“नाही, काकू.”

घड्याळ सुरू झालं. पडद्यावर कारखान्याची कोठी उजळली. मध्ये पिठाचं मोठं पिंप, भिंतीला पोती, आणि दार अगदी पाठीमागे. म्हणजे वळल्याशिवाय ते दिसायचं नाही आणि पिंपाला वळसा घातल्याशिवाय तिथे जाता यायचं नाही. प्रेमाबाईंनी हळूच डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पूर्ण मागे वळल्या, नजर समपातळीवर ठेवून पिंपाकडे गेल्या, त्याच्याभोवती नजर न हटवता एक अख्खी फेरी घातली (हे कोणी सांगितलं नव्हतं, पण पेपर वेळेआधी झाला की त्या नेहमी पुरवणी मागायच्या) आणि दारातून बाहेर पडल्या. बावन्न सेकंद.

मुकुलने टाळी वाजवली. कोठीतली पोती आणि पिंपं ज्याने रंगवली होती त्या नितेशने शीळ घातली. “झकास, काकू! चार झाले!”

गंधाली मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती सासूबाईंच्या हातांकडे बघत होती.

“आई, तुम्ही एकदाही कंट्रोलरकडे बघितलं नाहीत.”

“बघायचं कशाला? मान वळवताना आपण मानेकडे बघतो का?”

“आई.”

“अगं, क्लास लावला होता ना,” प्रेमाबाई म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. “सहारला, कॉस्मस सरांकडे. चार दिवस. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कळू दिलं नाही.”

कोपऱ्यातला पेपर खाली आला. “म्हणजे ती मेथी!”

 एसीतून मुकुलच्या खांद्यावर एक थेंब पडला. “गंधाली,” तो हळू आवाजात म्हणाला, “आपण हे ऐकलंच नाही असं समजलं तर?”

प्रेमाबाईंना आत्ता कुठे अंदाज आला. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. चौतीस वर्षांत त्यांनी हा रंग बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला होता, पण तेव्हा कॉपी पकडणाऱ्या त्या स्वतः असत.

“मी ऐकलंय, मुकुल,” गंधाली म्हणाली. “बावन्न सेकंद आईंचे नाहीत, कॉस्मस सरांचे आहेत. माझ्या खोलीने त्यांना काहीच शिकवलेलं नाही. मी फॉर्मवर खोटं लिहिणार नाही.”

“मग आता नवखा माणूस कुठून आणू? साडेचारला रिझल्ट पाठवायचाय!”

सगळ्यांच्या नजरा सावकाश कोपऱ्याकडे वळल्या.

“काका,” मुकुलने विचारलं, “तुम्ही कधी कंट्रोलर हातात घेतलाय?”

“आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा हिच्या हातात असतो,” मधुकरराव म्हणाले.

त्यांना खुर्चीत बसवलं. प्रेमाबाईंना मागे स्टुलावर बसवून मुकुलने तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांना ठेवायला लावलेलं बोट होतं ते.

घड्याळ सुरू झालं. पडद्यावर सूचना आली: ‘डाव्या स्टिकने चाला. उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवा. दार शोधा.’

मधुकररावांनी चष्मा पुसला, सूचना दोनदा वाचली, आणि डाव्या स्टिकने एक पाऊल पुढे टाकून पोत्याला धडकले. ते थांबले. पुन्हा सूचना वाचली. “कॅमेरा... कॅमेरा...” असं पुटपुटत त्यांनी उजवी स्टिक जरा हलवली. नजर वर गेली. कोठीच्या छताजवळच्या कोपऱ्यात एक सीसीटीव्ही कॅमेरा होता. नितेशने तो तीन दिवस खपून केला होता. गंजका ब्रॅकेट, लोंबणारी वायर, लुकलुकणारा लाल दिवा, सगळं हुबेहूब.

“आहे!” मधुकरराव आनंदाने म्हणाले. “सापडला.”

त्यांनी उजवी स्टिक डावीकडे कलवली. कॅमेरा पडद्यावर उजवीकडे सरकला. त्यांनी उजवीकडे कलवली. कॅमेरा डावीकडे सरकला.

“फिरतोय!” ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. “पण उलटा फिरतोय. वायरिंग उलटं जोडलंय तुमच्या लोकांनी.”

कोणी बोलायचं नव्हतं. कोणी बोललं नाही. स्टुलावर प्रेमाबाईंनी ओढणीचं टोक तोंडात धरलं.

सहा मिनिटं मधुकरराव कॅमेरा फिरवत होते. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग अतिशय काळजीपूर्वक मधोमध आणून ठेवला आणि थांबले. एका कर्तव्यदक्ष माणसाने दिलेलं काम पूर्ण केल्यावर तो जसा थांबतो, तसे थांबले. दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. दार म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, पण सूचनेत आधी कॅमेरा होता, आणि नोकरीत कधी त्यांनी सूचनेचा क्रम मोडला नव्हता.

“मी माझं काम केलंय,” दहाव्या मिनिटाला ते म्हणाले. “पुढचं तुमच्या खात्याने करायचं.”

घंटा वाजली. मुकुल टेबलावर डोकं टेकून बसला. नितेश खिडकीबाहेर बघायला लागला.

“अहो,” प्रेमाबाईंचा बांध फुटला, “तो कॅमेरा नव्हे हो! कॅमेरा म्हणजे तुमची मान!”

“मग मान लिहायचं! कॅमेरा का लिहिलाय?”

गंधाली इतका वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. तिचा हात थांबला. “मुकुल,” ती म्हणाली, “त्या डेंटिस्टबाईंचं रेकॉर्डिंग लाव.”

लावलं. डेंटिस्टबाई पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत छताच्या त्याच कोपऱ्यात बघत होत्या. त्यांचा अंगठा कमजोर असावा, असं त्यावेळी सगळ्यांनी ठरवलं होतं.

“मी काढून टाकतो तो सीसीटीव्ही,” नितेश पडलेल्या आवाजात म्हणाला. “तीन दिवस गेले माझे.”

“सीसीटीव्ही राहू दे. शब्द काढू,” गंधाली म्हणाली. “गेम बनवणाऱ्यांना कॅमेरा दिसतो रे. खेळणाऱ्याकडे कॅमेरा कुठाय? त्याच्याकडे मान आहे. आई, सरांनी तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं? अगदी पहिल्यापासून सांगा.”

प्रेमाबाई उभ्या राहिल्या. फळा नव्हता, म्हणून एसीखालची भिंत वापरली. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. पाय मुठीत, मान मुठीत, मग नाक. गंधाली भराभर लिहून घेत होती. फुगडीला मुकुलला जोडीदार व्हावं लागलं.

साडेचारला गंधालीने सिंगापूरला खरं ते लिहून पाठवलं: पाचपैकी तीन बाहेर आले, दोन एका शब्दापायी अडकले. संध्याकाळी उत्तर आलं: ‘खोली दुरुस्त करा. सोमवारी एक नवा माणूस. तो अडकला तर पुणे.’

शनिवार-रविवार गंधाली जागची हलली नाही. खोली तीच ठेवली. शिकवणी बदलली. आता सुरुवातीला पाय बांधलेले. मान वळवून दार दिसलं की पाय सुटायचे. मानेचा वेग तीनवर. आणि अख्ख्या गेममधून ‘कॅमेरा’ हा शब्द हद्दपार. एकूण एकोणीस ठिकाणी होता.

नवखा माणूस शोधायचं काम प्रेमाबाईंकडे आलं, आणि तिथे खरी वाट लागली. कारण त्या चार दिवसांत क्लासचा आनंद त्यांच्या पोटात राहिला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीला त्यांनी दोन लाटणी हातात देऊन खेकडा शिकवला होता. तिने तो भिशीत शिकवला होता. वॉचमनला ‘नाक वळलं की पुढे वळतं’ हे पाठ होतं. रविवार संध्याकाळपर्यंत त्यांच्या इमारतीत एकही अशिक्षित माणूस उरला नव्हता.

“लवू!” त्या एकदम म्हणाल्या.

लवू म्हणजे गेटजवळचा इस्त्रीवाला. कणकवलीचा, पन्नाशीतला. दिवसभर त्याचं तोंड कपड्यांकडे आणि पाठ जगाकडे, त्यामुळे त्याला कोणी काही शिकवू शकलं नव्हतं.

“माका गेम-बिम येणा नाय, बाई,” तो म्हणाला.

“तेच हवंय. आणि मी तुला काहीही सांगणार नाही,” प्रेमाबाई म्हणाल्या. पार्ले ते चकाला रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मधुकररावांनी नंतर सगळ्यांना सांगितलं की लग्नानंतरची ही पहिलीच वेळ.

सोमवारी लवू खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. कंट्रोलर त्याने गरम असल्यासारखा धरला. घड्याळ सुरू झालं.

‘उजव्या स्टिकने मान वळवा. पाय अजून बांधलेले आहेत.’

लवूने अंगठा टेकवला. तीस वर्षं इस्त्री फिरवलेला हात. जोर किती द्यायचा हे त्या हाताला रेशमापासून खादीपर्यंत माहीत होतं. मान सावकाश डावीकडे वळली, सावकाश उजवीकडे वळली, मग वर गेली.

सीसीटीव्ही दिसला. गंधालीने श्वास रोखला. नितेशने डोळे मिटले.

“हयसर कॅमेरो लावलोहा,” लवू म्हणाला. “आमच्यार नजर.” आणि त्याने मान खाली घेतली.

मागे वळताना तो एकदा दाराच्या पलीकडे गेला, परत आला. दार दिसलं, पाय सुटले. चालला आणि पिंपावर आदळला. पुन्हा आदळला. पडद्यावर सूचना आली: ‘पाय बाजूला, नजर समोर.’ लवूचे अंगठे गोंधळले. एक थांबला की दुसरा चालू, दुसरा थांबला की पहिला चालू. चार मिनिटं झाली. पाच झाली. स्टुलावर बसलेल्या प्रेमाबाईंचे दोन्ही अंगठे ओढणीखाली एकमेकांकडे झुकत होते, पण तोंडावरचं बोट जागेवर होतं. म्हणजे बोट नव्हतं, मधुकररावांचा अख्खा तळहात होता.

सहाव्या मिनिटाला लवूने एक गोष्ट केली. त्याने जोर काढून घेतला. दोन्ही अंगठे नुसते टेकवून ठेवले आणि जरासे कलवले. पिंप मधोमध थांबलं, कोठी त्याच्याभोवती हळूहळू फिरली, दार समोर आलं. नाक दारात, पाय नाकामागे. दार उघडलं.

सहा मिनिटं चाळीस सेकंद.

मुकुल ओरडला. नितेश ओरडला. गंधाली ओरडली नाही. ती खाली जमिनीवरच बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली, आणि त्या हसण्यात बरंच काही होतं.

“पुण्याला कळवा,” मधुकरराव गंभीरपणे म्हणाले.

“काका, पुण्याचा काही संबंध नाही त्यात.”

“तरी कळवा.”

लवूने मात्र कंट्रोलर खाली ठेवला नव्हता. दाराबाहेरचा लांबच लांब बोळ त्याला दिसत होता. “ह्या भायर काय असा?” त्याने विचारलं.

“भट्टीची खोली आहे, लवूदादा,” गंधाली डोळे पुसत म्हणाली. “तीही मीच केलीय.”

लवू खुर्चीत नीट मागे सरकून बसला. “मगे बघूया तरी.”

“लवू, आधी नाक...” प्रेमाबाई म्हणाल्या.

“शू!” तिघे एकदम ओरडले.